‘ओके बूमर’ : अर्थ, उगम आणि दोन्ही बाजूंचा अपमान

‘ओके बूमर’ हे वयाने मोठ्या माणसाला तरुणाने दिलेले दोन शब्दांचे उत्तर आहे. त्यातला ‘बूमर’ म्हणजे ‘बेबी बूमर’. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जन्मदर एकदम वाढला आणि 1964 पर्यंत चढाच राहिला. 1946 ते 1964 या काळात तिथे सुमारे साडेसात कोटी मुले जन्मली. या लाटेत जन्मलेल्यांना ‘बेबी बूमर’ हे नाव पडले. जनगणनेच्या कामात वापरला जाणारा हा शब्द मूळचा कोरडा आहे. त्यात कौतुक नाही की टोमणा नाही.

टोमणा येतो तो ‘ओके’मुळे. मराठीत ‘बरं’ जसे वागते तसेच इथे ‘ओके’ वागते. समोरच्याचे म्हणणे पटल्यावर ‘बरं’ म्हणतात आणि ते अजिबात न पटल्यावर, वाद घालण्याचीही इच्छा उरली नसताना, ‘बरं बरं’ म्हणून उठून जातात. होकाराचा शब्द वापरून संभाषण संपवायचे, अशी ही रीत आहे. मुद्दा खोडलेला नसतो, मान्यही केलेला नसतो. ‘तुमच्या पिढीकडून हेच येणार होते, त्यामुळे उत्तर द्यायची गरज नाही,’ एवढेच सांगितलेले असते. या शब्दप्रयोगाची सगळी धार या न दिलेल्या उत्तरात आहे, आणि त्यावरून झालेल्या वादाचे मूळही तिथेच आहे.

उगम आणि प्रसार

हा प्रयोग इंटरनेटवर काही वर्षे तुरळक फिरत होता, पण तो सर्वतोमुखी झाला 2019 च्या शरद ऋतूत. टिकटॉकवर एका वयस्क माणसाचा व्हिडिओ पसरला. आजच्या तरुणांना मोठे व्हायचेच नाही, ते स्वप्नरंजनात जगतात, असा त्याचा सूर होता. त्याला उत्तर म्हणून हजारो किशोरवयीनांनी आपापले व्हिडिओ केले. त्यांत प्रतिवाद नव्हता. पडद्याच्या अर्ध्या भागात तो माणूस बोलत राही आणि उरलेल्या अर्ध्या भागात एखादी मुलगी शांतपणे वहीत काहीतरी लिहीत बसे. शेवटी वही कॅमेऱ्यासमोर धरली की त्यावर दोनच शब्द दिसत.

29 ऑक्टोबर 2019 रोजी ‘द न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये टेलर लॉरेन्झ यांचा या लाटेवरचा लेख आला आणि शाळकरी पोरांचा विनोद मोठ्यांच्या चर्चेचा विषय झाला. पुढच्या पंधरवड्यात हे शब्द छापलेले टी-शर्ट विकले जाऊ लागले आणि ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घ्यायला अनेक जण धावले. त्यांत फॉक्स ही बडी माध्यम कंपनीही होती. तरुणांनी थोरांच्या विरोधात उच्चारलेले शब्द थोरांच्याच कंपनीला आपल्या मालकीचे करून हवे होते, यातला विरोधाभास तेव्हाच अनेकांच्या नजरेत भरला.

वेलिंग्टनमधील प्रसंग

या शब्दांचा सर्वांत गाजलेला उपयोग नोव्हेंबर 2019 च्या पहिल्या आठवड्यात न्यूझीलंडच्या संसदेत झाला. हवामानबदलासंबंधीच्या ‘झीरो कार्बन’ विधेयकावर चर्चा चालू होती. 2050 सालापर्यंत देशाचे निव्वळ कर्ब उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट या विधेयकात होते. ग्रीन पक्षाच्या 25 वर्षांच्या खासदार क्लोई स्वॉरब्रिक बोलत होत्या. त्यांनी एक साधा हिशेब मांडला. 2050 मध्ये आपण 56 वर्षांच्या असू. आजच्या सभागृहाचे सरासरी वय मात्र 49 आहे. म्हणजे निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचे परिणाम फार काळ भोगावे लागणार नाहीत.

एवढ्यात विरोधी नॅशनल पक्षाच्या बाकांवरून शेरा आला. तो त्यांच्या वयावरून होता, असे स्वॉरब्रिक यांनी नंतर सांगितले. शेरा मारणारे होते त्या पक्षाचे हवामानविषयक प्रवक्ते टॉड मुलर. स्वॉरब्रिक यांनी त्या दिशेला हात करून शांतपणे ‘ओके बूमर’ म्हटले आणि न थांबता पुढचे वाक्य सुरू केले. सभागृहात त्या क्षणी कोणी हसलेही नाही. संसदेच्या वाहिनीवर उपशीर्षके देणाऱ्याला तर हे शब्द कळलेच नाहीत. त्याने ‘बूमर’च्या जागी कुणाचे तरी नाव असावे असे काहीतरी लिहून टाकले. चित्रफीत जगभर फिरली ती नंतर.

प्रसंग काही सेकंदांचा असला तरी या शब्दप्रयोगाचे जवळजवळ सगळे गुणदोष त्यात एकत्र आलेले दिसतात. पहिली गोष्ट, पहिला शेरा वरून खाली आला होता. वयाचा उल्लेख आधी मोठ्या बाजूने केला आणि उत्तरही त्याच नाण्यात मिळाले. दुसरी गोष्ट, विषयच असा होता की त्यात जन्मसालाला खरोखर महत्त्व होते. 2050 साली कोण हयात असेल, हा प्रश्न तिथे अवांतर नव्हता. तिसरी गोष्ट मात्र या शब्दांची कमजोरी दाखवते. टॉड मुलर यांचा जन्म 1968 चा. ते बूमर नव्हतेच. रूढ वर्गवारीनुसार ते पुढच्या, म्हणजे ‘जनरेशन एक्स’ या पिढीतले. आणि ज्या विधेयकावरून ही चकमक झाली ते 7 नोव्हेंबर रोजी मंजूर झाले तेव्हा मुलर यांच्या पक्षानेही त्याच्या बाजूने मत दिले. समोरचा माणूस त्या पिढीचा नव्हता आणि विधेयकाचा कट्टर विरोधकही नव्हता. तरीही हे उत्तर लागू पडल्यासारखे वाटले, कारण ते माणसापेक्षा त्याच्या सुराला दिलेले होते.

प्रत्यक्ष बोलण्यात ‘बूमर’चा अर्थ असाच सरकलेला आहे. 1946 ते 1964 हे जन्मसाल मागे पडते आणि ‘आपला काळ सर्वांना लागू आहे असे समजून उपदेश करणारा’ असा स्वभाव पुढे येतो. त्यामुळे पस्तिशीच्या माणसालाही ‘बूमर’ म्हटले जाते. ऐकणाऱ्याला मात्र त्यात स्वभाव ऐकू येत नाही, वय ऐकू येते. बोलणारा एका अर्थाने शब्द टाकतो आणि ऐकणारा तो दुसऱ्या अर्थाने झेलतो. निम्मे भांडण इथेच तयार होते.

तरुणांना अपमान का वाटतो

‘ओके बूमर’ हे उत्तर आहे, म्हणजे त्याआधी कोणीतरी काहीतरी म्हटलेले असते. तरुणांच्या बाजूने पाहिले तर अपमानाची सुरुवात या शब्दांच्या खूप आधी झालेली आहे. मे 2013 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ‘मी मी मी पिढी’ अशा अर्थाचे शीर्षक झळकले; रोख 1980 नंतर जन्मलेल्यांवर होता. ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये स्तंभलेखक बर्नार्ड सॉल्ट यांनी महागड्या कॅफेत अव्हाकाडो लावलेला टोस्ट खाणाऱ्या तरुणांविषयी लिहिले: हे पैसे साठवले असते तर घराच्या पहिल्या हप्त्याची सोय झाली असती. सॉल्ट यांचा लेख बूमरांच्याच कुरकुरीची थट्टा करणारा होता. पण पुढच्याच वर्षी टिम गर्नर या बांधकाम व्यावसायिकाने दूरचित्रवाणीवर तोच मुद्दा गंभीरपणे मांडला आणि अव्हाकाडो टोस्ट ही जगभर चिडवण्याची खूण झाली. गर्नर स्वतः तेव्हा पस्तिशीचे होते, म्हणजे ज्यांना ते उपदेश करत होते त्याच पिढीचे.

या उपदेशात तरुणांना बोचते ते त्यातले निदान. त्यांच्या अडचणीचे कारण म्हणून त्यांचा स्वभाव पुढे केला जातो. घर घेता येत नाही, कारण उधळपट्टी. नोकरी टिकत नाही, कारण चिकाटी नाही. लग्न लांबते, कारण जबाबदारी नको. परिस्थिती मात्र हिशेबात धरली जात नाही. अमेरिकेत 2019 साली शैक्षणिक कर्जाची एकूण थकबाकी दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेली होती. मिलेनियल म्हणवले जाणारे, म्हणजे 1981 ते 1996 मध्ये जन्मलेले लोक नोकरीच्या बाजारात उतरत होते, त्याच सुमारास 2008 ची मंदी आली. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांच्या एकूण संपत्तीपैकी सुमारे निम्मी बूमरांकडे होती आणि मिलेनियलांच्या वाट्याला त्यातले जेमतेम काही टक्के होते. वय वाढते तशी संपत्ती वाढते, हे खरेच आहे. पण बूमर पस्तिशीत होते तेव्हा त्यांचा वाटा याहून कितीतरी मोठा होता, हेही तीच आकडेवारी सांगते.

अशा वेळी मुद्देसूद उत्तर द्यायचे तर कर्जाचे आकडे, घरांच्या किमती, पगार, हवामान हे सगळे पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावे लागते. ते अनेकदा सांगून झाले आहे आणि ऐकले गेलेले नाही, अशी तरुणांची भावना आहे. स्वॉरब्रिक यांनीही प्रसंगानंतर लिहिलेल्या लेखात आपल्या शब्दांमागे अनेक पिढ्यांचा थकवा असल्याचे म्हटले. मग त्याच शब्दांना ज्येष्ठ ‘उद्धटपणा’ म्हणतात, तेव्हा तरुणांचा दुसऱ्यांदा अपमान होतो. आधी म्हणणे ऐकले गेले नाही. आता ऐकले गेले नाही याबद्दलची चीडही शिष्टाचाराचा भंग ठरली.

ज्येष्ठांना अपमान का वाटतो

ज्येष्ठांचे दुखणे वेगळ्या जागी आहे. त्यांना दिलेल्या उत्तरात त्यांचे वाक्यच नसते; ते कोणत्या साली जन्मले एवढेच असते. जन्मसाल बदलता येत नाही, त्याबद्दल माफी मागता येत नाही आणि त्यावर युक्तिवादही करता येत नाही. शिवाय ज्या संपत्तीचा हिशेब मांडला जातो ती सर्व बूमरांकडे सारखी वाटलेली नाही. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातला साठीचा कामगार आणि शेअरबाजारातला साठीचा गुंतवणूकदार एकाच पिढीचे असतात. पहिल्याला ‘तुम्ही सगळे खाऊन टाकलेत’ हे ऐकताना आपले आयुष्यच पुसले गेल्यासारखे वाटते. नागरी हक्कांसाठी, स्त्रियांच्या समानतेसाठी, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत याच पिढीतले असंख्य तरुण होते. त्यांना आता बदलाचे शत्रू म्हणून ओळखले जाते, ही खंत वेगळी.

मात्र काही ज्येष्ठांची प्रतिक्रिया अपमानाच्या मापाबाहेर गेली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे रेडिओ निवेदक बॉब लॉन्सबेरी यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये ‘बूमर’ या शब्दाची तुलना कृष्णवर्णीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वांत हीन शिवीशी केली. चहूबाजूंनी टीका झाल्यावर ते विधान काढून टाकले गेले. गुलामगिरीचा इतिहास मागे असलेला शब्द आणि देशातील सर्वांत संपन्न पिढीचे नाव यांना एका पंक्तीत बसवणे कोणालाच पटले नाही. त्याच महिन्यात अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या एका संपादिकेने मुलाखतीत तरुणांना उलट टोला दिला; त्याचा आशय असा, की म्हणा हवे ते, पण पैसा तर आमच्याकडेच आहे. हा टोला विनोद म्हणून दिला होता, पण तरुणांची नेमकी तक्रार तीच होती. प्रतिवाद करायला गेलेल्याने फिर्यादीची साक्ष दिल्यासारखे झाले.

वयावरून होणाऱ्या भेदभावाचा अभ्यास करणारे मायकेल नॉर्थ आणि सुझन फिस्क यांनी या तणावाची जी मांडणी केली आहे ती इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते तरुण ज्येष्ठांकडून तीन अपेक्षा धरतात. त्यांनी वेळेवर जागा मोकळी करावी, सामाईक साधनांतला वाटा वाजवीपेक्षा जास्त घेऊ नये आणि तरुणांच्या खास क्षेत्रात शिरून त्यांच्यासारखे वागू नये. या अपेक्षा मोडल्या की चीड येते. ‘ओके बूमर’मागची चीड यांतल्या पहिल्या दोन अपेक्षांची आहे: सत्तेची खुर्ची आणि संपत्तीचा वाटा. ज्येष्ठांना मात्र ती तिरस्कार म्हणून पोचते, कारण त्यांच्या मनात खुर्चीपेक्षा आदराचा प्रश्न आधी येतो. एक बाजू वाटणीबद्दल बोलत असते आणि दुसरी मानाबद्दल.

कायद्याच्या नजरेतून

हे शब्द चेष्टा आहेत की भेदभाव, हा प्रश्न 15 जानेवारी 2020 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही निघाला. फ्लोरिडातील सरकारी रुग्णालयात औषधनिर्माणतज्ज्ञ असलेल्या नॉरिस बॅब यांनी वयामुळे बढती डावलल्याची तक्रार केली होती. सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी काल्पनिक उदाहरण दिले: मुलाखत घेणाऱ्याने उमेदवाराला एकदाच ‘ओके बूमर’ म्हटले, तर तेवढ्यावरून दावा उभा राहील का? न्यायालयात हशा पिकला. रॉबर्ट्स यांचा स्वतःचा जन्म 1955 चा. एप्रिलमध्ये निकाल लागला. सरकारी नोकरीतील निर्णयप्रक्रियेत वयाचा भेदभाव मुळीच मिसळता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले. मात्र भरपाई किंवा बढती मिळवायची तर त्या भेदभावामुळेच निर्णय तसा झाला हे दाखवावे लागेल. म्हणजे शब्द कोणता, यापेक्षा तो उच्चारणाऱ्याच्या हातात कोणता निर्णय होता, हे महत्त्वाचे ठरते.

त्या देशाचा वयभेदविरोधी कायदा 1967 चा आहे आणि तो 40 वर्षे व त्यापुढच्या नोकरदारांनाच संरक्षण देतो. ‘अजून लहान आहेस’ म्हणून डावललेल्या पंचविशीच्या उमेदवाराला त्याचा उपयोग नाही. नोकरीच्या बाजारात वय झालेल्या माणसाची अडचण खरी असल्यामुळे ही रचना केली गेली. पण यामुळेच एकाच प्रकारच्या टोमण्याचे दोन दिशांना दोन परिणाम होतात. नोकरी देणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने म्हटलेले ‘ओके बूमर’ कज्ज्याचे कारण होऊ शकते. साठीच्या साहेबाने म्हटलेले ‘ही आजकालची पोरे’ सहसा होत नाही. काळ मात्र सर्वांनाच पुढे नेतो. 1981 मध्ये जन्मलेले पहिले मिलेनियल 2021 मध्ये चाळिशीत पोचले आणि या कायद्याच्या छत्राखाली आले.

पिढी हे माप कितपत खरे

सगळ्या वादाचा पाया असलेली ‘पिढी’ ही कल्पना स्वतःच ठिसूळ आहे. कोणत्याही क्षणी दोन माणसांत फरक दिसला तर त्याची तीन कारणे असू शकतात. एकाचे वय जास्त आहे; तो वेगळ्या काळात वाढला आहे; किंवा आजच्या परिस्थितीचा दोघांवर वेगळा परिणाम झाला आहे. एका वेळच्या पाहणीवरून ही तीन कारणे एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. साठीचा माणूस सावध आहे, तो बूमर म्हणून की साठीचा म्हणून, हे त्याला पाहून सांगता येत नाही. ही अडचण लक्षात आणून देत 2021 मध्ये मेरीलँड विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी पुढाकार घेऊन प्यू या संशोधनसंस्थेला खुले पत्र लिहिले आणि पिढ्यांची नावे वापरणे थांबवण्याची विनंती केली. ‘बूमर’, ‘मिलेनियल’, ‘जेन झी’ यांच्या रूढ सीमा बऱ्याच अंशी प्यूमुळेच सर्वत्र पोचल्या होत्या. 2023 मध्ये प्यूने या नावांचा वापर यापुढे जपून करण्याचे जाहीर केले.

उलट, ‘हल्लीची मुले बिघडली’ हा समज किती भरवशाचा आहे, हेही तपासले गेले आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये, म्हणजे ‘ओके बूमर’ची लाट उसळत होती त्याच महिन्यात, जॉन प्रोत्स्को आणि जोनाथन स्कूलर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे स्वतः भरपूर वाचतात त्यांना मुले वाचत नाहीत असे अधिक वाटते आणि जे अधिकाराला मानतात त्यांना मुले थोरांना मानत नाहीत असे अधिक वाटते, असे त्यात आढळले. माणूस आज आपल्यात असलेला गुण आपल्या सगळ्या लहानपणावर चढवतो आणि मग आजच्या मुलांत तो शोधतो. बूमरांनाही हे चुकलेले नाही. 1976 मध्ये टॉम वुल्फ यांनी त्या दशकालाच ‘मी’चे दशक म्हटले होते, आणि तेव्हा ऐन तारुण्यात होते ते हेच बूमर.

मराठी वापर

मराठी तरुणांच्या बोलण्यात ‘बूमर’ आला तो मीममधून आणि आला तो जन्मसाल मागे ठेवूनच. 1946 ते 1964 या काळात भारतात जन्मलेल्यांचे तारुण्य अमेरिकेतल्या भरभराटीसारखे गेले नाही. रेशनची रांग, स्कूटरसाठी आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे हे त्यांच्या वाट्याला आले. त्यामुळे ‘तुम्ही स्वस्तात सगळे मिळवलेत’ हा मूळ आरोप इथे जसाच्या तसा बसत नाही. उरतो तो फक्त उपदेशाला दिलेला नकार. त्या अर्थाने हा शब्द मराठीत नवा असला तरी भावना जुनी आहे. ‘हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असे मोठ्यांनी म्हणावे आणि पाठ वळताच लहानांनी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणावे, ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

फरक आहे तो पाठ वळण्याचा. ‘साठी बुद्धी नाठी’ सहसा तोंडावर म्हटले जात नाही. घरातल्या काकांना, आजोबांना ‘अहो’ म्हणायचे आणि मनातले स्वयंपाकघरात बोलायचे, असा रिवाज होता. ‘ओके बूमर’ समोर म्हटले जाते, चारचौघांच्या देखत म्हटले जाते आणि त्यात ना नाते असते ना ‘अहो’. म्हणूनच ते ज्येष्ठांना इतके लागते, आणि आपण तर फक्त ‘बरं’ म्हणालो, असे तरुणांना वाटत राहते.